तीन कोटेशन, चार ओळी

पुण्यातल्या एखाद्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत मार्च-एप्रिलमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघतो. मागच्या पावसात वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत ओल आलेली असते, सेक्रेटरी तीन कंत्राटदारांना बोलावतात, तिघे गच्ची बघून जातात आणि आठवड्याभरात तीन कोटेशन येतात. एक लेटरहेडवर टाइप केलेली पीडीएफ, दुसरे व्हॉट्सॲपवरचा सहा ओळींचा मेसेज, तिसरे वहीच्या पानावर लिहून त्याचा काढलेला फोटो. सेक्रेटरी तिन्ही गोष्टी एका ईमेलला जोडतात, वर ‘कृपया पाहून मत कळवावे’ असे लिहितात आणि समितीच्या नऊ जणांना पाठवून देतात.

पुढे काय होते ते सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोघे काहीच उघडत नाहीत. एक जण फक्त शेवटचा आकडा बघून ‘स्वस्तवाल्याला द्या’ म्हणतो. आणि जे मनापासून वाचतात, ते तिघे तीन वेगळे हिशेब मांडतात. नऊ जणांनी प्रत्येकी करायचे काम पाठवणाऱ्याने एकदाच करून, मेलच्या मजकुरातच चार ओळींचा तक्ता दिला असता तर चर्चा निदान एकाच आकड्यांवर झाली असती. तक्ता काढणे सोपे आहे. त्याच्या आधीचे काम थोडे किचकट आहे, आणि खरे महत्त्व त्यालाच आहे.

नमुन्यादाखल आकडे घेऊ. कंत्राटदारांना अ, ब आणि क म्हणू. ‘अ’चा दर ७८ रुपये चौरस फूट, गच्ची ३,२०० चौरस फूट, म्हणजे २,४९,६०० रुपये, खाली बारीक अक्षरांत ‘जीएसटी वेगळा’. ‘ब’ने ठोक २,८५,००० सांगितले आहेत, ‘सगळे धरून’. ‘क’चा दर ६२ रुपये, म्हणजे १,९८,४००. हे तीन आकडे तसेच्या तसे तक्त्यात घातले तर ‘क’ हा ‘अ’पेक्षा ५१,२०० रुपयांनी स्वस्त दिसेल. तक्ता नीटनेटका असेल आणि साफ चुकीचाही असेल, कारण हे तीन आकडे एकाच कामाचे नाहीतच.

‘अ’च्या दरात जुना थर काढून राडारोडा खाली उतरवणे आणि कठड्याच्या पायाशी गोलाई करणे धरलेले आहे. गळती बऱ्याचदा या सांध्यातूनच होते, त्यामुळे गोलाई टाळून चालत नाही. ‘क’ने ती वेगळी लावली आहे: २४० फूट लांबी, फुटाला ५५ रुपये, म्हणजे १३,२००. राडारोड्याचे १८,००० वेगळे. बेरीज २,२९,६०० होते. ‘क’चाही जीएसटी वेगळाच आहे, फक्त फोटोत ती ओळ पानाच्या कडेला अर्धी कापली गेली आहे. साहित्यासह केलेल्या अशा कामावर १८ टक्क्यांनी ४१,३२८ रुपये कर धरला की ‘क’ २,७०,९२८ वर येतो. ‘अ’वर त्याच दराने ४४,९२८ चढतात आणि तो २,९४,५२८ होतो. ५१,२०० चा फरक आता २३,६०० उरला. चोवीस घरांत वाटला तर घरटी हजार रुपयेसुद्धा नाही.

‘ब’चे प्रकरण वेगळे आहे. त्याच्या ‘सगळे धरून’मध्ये कर आहे, राडारोडा आहे, गोलाईही आहे, पण त्याने गच्ची २,९०० चौरस फूट मोजली आहे. पाण्याच्या टाक्यांखालचा ३०० फुटांचा भाग त्याने सोडून दिला. फोन करून विचारल्यावर तो म्हणतो, तेवढ्या भागाला करासह ९५ रुपये दर लावू. म्हणजे २८,५०० आणखी, एकूण ३,१३,५००. ठोक रकमेत क्षेत्रफळ लपते, चौरस फुटाच्या दरात वगळलेली कामे लपतात. म्हणून दोन्ही प्रकारची कोटेशन समोर असतील तर आधी सोसायटीने स्वतः मोजलेले क्षेत्रफळ घ्यायचे आणि सगळ्यांना त्याच मापाने मोजायचे.

कराबद्दल थोडे. छोट्या सोसायटीची सहसा जीएसटी नोंदणी नसते, त्यामुळे भरलेला कर तिला कुठे वजा करून मिळत नाही. तो सरळ खर्च असतो. तक्त्यात ‘कर वगळून’ रक्कम दाखवण्यात म्हणूनच काही अर्थ नाही. एखादा कंत्राटदार नोंदणी नसलेला किंवा कंपोझिशन योजनेतला असेल, तर तो बिलावर वेगळा जीएसटी लावूच शकत नाही. तसा कोणी असेल तर त्याची रक्कम आहे तशी घ्यायची. आणि जो कर लावतो त्याच्या कोटेशनवर पंधरा अक्षरी क्रमांक आहे ना, हे पाहायचे. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो.

इतके झाल्यावर तक्ता असा दिसतो:

| | एकूण, करासह (रु.) | हमी | काम पूर्ण |
|---|---:|---|---|
| अ | २,९४,५२८ | ५ वर्षे | २२ मे |
| ब | ३,१३,५०० * | ७ वर्षे | २६ मे |
| क | २,७०,९२८ | ३ वर्षे | १३ जून |

\* टाक्यांखालच्या ३०० चौरस फुटांचा दर फोनवर सांगितलेला. लेखी यायचा आहे.

चार ओळी, चार रकाने. दर, क्षेत्रफळ, राडारोडा, गोलाई हे सगळे तक्त्यातून बाहेर गेले, कारण त्यांचा परिणाम एकूण रकमेत उतरलेला आहे. ज्याला पडताळून पाहायचे आहे त्याच्यासाठी मूळ कोटेशन आणि हिशेबाची एक्सेल फाइल जोडलेली असते. अशा तक्त्यांत चांगल्या माणसांना एक मोह होतो: आपण केलेली सगळी मेहनत दिसावी म्हणून अकरा रकाने करायचे. वाचणाऱ्याला मेहनत बघायची नसते, निवड करायची असते. ज्या गोष्टीवरून निवड बदलू शकते तेवढीच तक्त्यात.

त्या दृष्टीने शेवटचा रकाना बघण्यासारखा आहे. कोटेशनांत ‘काम पूर्ण’ ही तारीख कुठेच नव्हती. ‘अ’ने लिहिले होते ‘१८ दिवस’, ‘ब’ने ‘१५ दिवस’, ‘क’ने ‘२० दिवस’. हे दिवस तसेच मांडले तर तिघे जवळपास सारखे वाटतात. पण ‘अ’ ५ मेला सुरू करू शकतो, ‘ब’ १२ मेला, आणि ‘क’च्या हातात दुसरी साइट असल्याने तो २५ मेला येणार. सुरुवात आणि दिवस यांची बेरीज करून शेवटची तारीख लिहिली की दिसते, ‘क’चे काम १३ जूनला संपते. पुण्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. जुना थर फोडलेली गच्ची आणि पहिला पाऊस एकाच आठवड्यात आले, तर वाचवलेले २३,६०० रुपये वरच्या मजल्याच्या छतातून गळतील. शिवाय काम झाल्यावर गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून चाचणी घ्यायची असते, तीही कोरड्या दिवसांत घेतली तरच गळती कशाची हे कळते.

वेळापत्रकांची तुलना करताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. कंत्राटदार कालावधी सांगतो, आपल्याला तारीख हवी असते. आणि कालावधी सांगताना तो कामाचे दिवस मोजतो की रविवार-सुट्ट्या धरून, हे विचारल्याशिवाय बेरीज करायची नाही. मे महिन्यात मजूर गावी जातात, हेही विचारून घ्यावे. उत्तर बहुधा ‘नाही हो, काम थांबणार नाही’ असे मिळेल, पण विचारले होते याची नोंद राहते.

हमीच्या रकान्याबाबत सावध राहावे लागते. समितीतले एखादे हिशेबी काका लगेच रकमेला वर्षांनी भागतील: ‘ब’ वर्षाला पंचेचाळीस हजारांच्या आत, ‘क’ नव्वद हजार. हा भागाकार आकर्षक आहे आणि फसवा आहे. सात वर्षांची हमी म्हणजे सात वर्षे गळणार नाही असे नव्हे. गळले तर कंत्राटदार येऊन दुरुस्त करील, असे त्याने म्हटले आहे इतकेच. तो तेव्हा धंद्यात असेल का, हमीपत्र स्टॅम्पपेपरवर आहे का, टाइल्स फोडाव्या लागल्या तर तो खर्च कोणाचा, हे आकड्यात मावत नाही. अशा गोष्टी तक्त्याखाली एका वाक्यात लिहाव्यात. पैसे देण्याच्या अटींचेही तसेच. ‘अ’ ४० टक्के आगाऊ मागतो आणि शेवटचे २० टक्के पाण्याच्या चाचणीनंतर घेतो. ‘क’ला ७० टक्के आधीच हवेत. हे रकान्यात कोंबले तर रकाना फुगतो. खाली वाक्यात लिहिले तर वाचले जाते.

रिकामा चौकोन मात्र कधी ठेवू नये. राडारोड्याचा रकाना आहे आणि ‘ब’समोर काही लिहिलेले नाही, असे झाले तर त्याचे तीन अर्थ निघतात: खर्च नाही, दरात धरला आहे, किंवा आपण विचारलेच नाही. वाचणारा त्याला सोयीचा अर्थ घेतो. ‘दरात धरलेले’, ‘शून्य’, ‘विचारायचे आहे’ यांपैकी जे खरे ते शब्दांत लिहिणे हा त्यावरचा उपाय. अंदाजाने किंवा फोनवरून घेतलेल्या आकड्यावर फुली मारून खाली एक ओळ लिहावी, वरच्या तक्त्यात ‘ब’समोर केली आहे तशी.

ओळींचा क्रमही निरागस नसतो. स्वस्तापासून महागापर्यंत लावले तर पैसा हाच निकष आहे असे न बोलता सांगितले जाते. हमीनुसार लावले तर ‘ब’ वर येतो. सेक्रेटरींचा मेहुणा कंत्राटदार असेल तर तो कोणत्या क्रमाने वर येईल हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. कोटेशन ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने मांडणे आणि स्वतःचे मत असेल तर ते तक्त्याच्या वर उघड लिहिणे, हा मला जास्त सरळ मार्ग वाटतो. ‘माझे मत अ, क स्वस्त आहे पण पावसात सापडेल. रविवारपर्यंत अ, ब किंवा क एवढेच उत्तर द्यावे.’ हे दोन वाक्यांत आधी, मग तक्ता, मग अटींच्या दोन-तीन ओळी. खर्च समितीच्या अधिकाराच्या मर्यादेपलीकडचा असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल, हेही तिथेच. सोसायटीच्या उपविधींत ती मर्यादा दिलेली असते.

अ, ब, क ही अक्षरे एकदा दिली की बदलायची नाहीत. ‘क’ने माघार घेतली आणि चौथा कंत्राटदार आला, तर त्याला ‘ड’ म्हणायचे. ‘क’ची जागा त्याला द्यायची नाही. नाहीतर सोमवारी ‘क’ला मत दिलेल्याचे मत गुरुवारी भलत्याच माणसाच्या खात्यात जमा होते.

आता हा तक्ता मेलमध्ये उतरवायचा कसा? सर्वात वाईट पद्धत म्हणजे स्पेसबार दाबत दाबत आकडे एकाखाली एक आणणे. लिहिताना ते जुळलेले दिसतात, समोरच्याच्या पडद्यावर विस्कटतात. कारण साध्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते, आणि देवनागरीत तर काना-वेलांट्या आणि जोडाक्षरांमुळे ती आणखीच बदलते. ‘क्ष’ आणि ‘र’ यांना सारखी जागा कोणताच साधा फाँट देत नाही. फाँट बदलला, फोन बदलला की रांग मोडली.

दुसरी वाईट पद्धत, आणि हल्ली तीच जास्त दिसते, म्हणजे एक्सेलचा स्क्रीनशॉट चिकटवणे. दिसायला तो छान असतो. पण काही ठिकाणी मेलमधली चित्रे आपोआप उघडत नाहीत, आणि समितीतल्या ज्या आजोबांनी फोनवर अक्षरे मोठी करून ठेवली आहेत त्यांच्यासाठी चित्रातली अक्षरे मोठी होत नाहीत. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला चित्रातले आकडे साध्या मजकुरासारखे वाचता येत नाहीत. आणि दोन वर्षांनी कोणी मेलबॉक्समध्ये ‘२,९४,५२८’ शोधले, तर चित्रातला आकडा सापडण्याची खात्री नसते.

चांगली पद्धत सोपी आहे. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये तक्ता करायचा, तेवढेच चौकोन निवडून कॉपी करायचे आणि मेलच्या मजकुरात पेस्ट करायचे. रेषा-रकान्यांसह खरा तक्ता येतो. मात्र सवयीने Ctrl+Shift+V दाबले तर फक्त कोरा मजकूर येतो आणि रकाने नाहीसे होतात. आउटलुकमध्ये तक्ता थेट मेलमध्येच आखता येतो. आकड्यांचे रकाने उजवीकडे टेकवावेत, म्हणजे लाखाखाली लाख आणि हजाराखाली हजार येतात. डावीकडे टेकवले की ९८,००० हा आकडा २,७०,९२८ एवढाच भारी वाटू लागतो. रंग भरायचे असतील तर हलक्या हाताने. हिरवा म्हणजे चांगला, लाल म्हणजे वाईट अशी खूण केवळ रंगाने केली, तर काळ्या पार्श्वभूमीवर मेल वाचणाऱ्याला आणि रंगांधळ्या माणसाला ती नीट दिसेलच असे नाही.

पाठवण्याआधी मेल स्वतःलाच पाठवून फोन उभा धरून उघडावा. समितीतले बहुतेक जण तो तसाच वाचणार आहेत. उभ्या पडद्यावर तीन-चार अरुंद रकाने मावतात. पाचवा आला की एकतर अक्षरे बारीक होतात किंवा तक्ता बोटाने डावीकडे-उजवीकडे ओढावा लागतो, आणि ओढताना पहिला रकाना नजरेआड जातो. मग ‘१३ जून’ दिसते, पण कोणाचे ते दिसत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सोसायटीचा मेल मेलमध्ये राहत नाही. कोणीतरी तो कॉपी करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. तिथे रकाने उरत नाहीत, सगळे शब्द-आकडे एकापुढे एक किंवा एकाखाली एक ओघळतात. ग्रुपवर जाणार हे नक्की असेल, तर तक्त्याऐवजी छोटी यादी बरी. प्रत्येक ओळ स्वतःपुरती पूर्ण:

अ: करासह २,९४,५२८. हमी ५ वर्षे. २२ मेला पूर्ण.
ब: करासह ३,१३,५०० (फोनवरचा दर धरून). हमी ७ वर्षे. २६ मेला पूर्ण.
क: करासह २,७०,९२८. हमी ३ वर्षे. १३ जूनला पूर्ण.

प्रत्येक ओळीत क्रम तोच: पैसे, हमी, तारीख. तिन्ही ओळींत क्रम सारखा असेल तर नजर आपोआप उभी उतरते आणि रेषा नसतानाही तुलना होते. माझ्या मते तीन पर्याय आणि तीन मुद्दे इथपर्यंत यादी तक्त्याला भारी पडते. पर्याय चार-पाच झाले, किंवा आकडे एकाखाली एक पाहावे लागणार असतील, की तक्ता हवा.

सभेची वेळ ठरवताना तर यादीच चांगली. अनेक सोसायट्यांतले एक-दोन फ्लॅटमालक परदेशात असतात, आणि त्यांना ऑनलाइन घ्यायचे म्हटले की वेळांचा घोळ होतो. एप्रिलमध्ये पुण्यातले शनिवारी संध्याकाळचे साडेसात म्हणजे न्यू जर्सीत शनिवारी सकाळचे दहा आणि लंडनमध्ये दुपारचे तीन. रविवारी सकाळी साडेआठ ठेवले तर न्यू जर्सीत शनिवारची रात्र असते, अकरा वाजलेले. तिथे वारच बदलतो, म्हणून प्रत्येक ओळीत गावापुढे वारही लिहावा लागतो. तारीख ‘५/४’ अशी लिहिली तर अमेरिकेत राहणारा सभासद ती चार मे वाचेल. ‘५ एप्रिल’ लिहिले की प्रश्न मिटला. आणि हे तास वर्षभर सारखे राहत नाहीत. अमेरिकेतली घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातात, लंडनची त्याच्या आदल्या आठवड्यात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दिवाळीच्या सुमाराची सभा एप्रिलच्या यादीवरून ठरवली, तर कोणीतरी तासभर रिकाम्या पडद्याकडे बघत बसेल.

समजा समितीने ‘अ’ला निवडले. आता त्याला कामाचा होकार पाठवायचा असतो, आणि घाईत बहुतेक जण समितीच्या त्याच मेलसाखळीवर ‘फॉरवर्ड’ दाबतात. त्या साखळीच्या तळाशी आपला तक्ता असतो, ‘ब’ आणि ‘क’च्या दरांसकट, शिवाय ‘अ जरा महाग आहे पण पाऊस जवळ आलाय’ हे कोणाचे तरी वाक्यही. एवढे वाचल्यावर ‘अ’ कोणत्या तोंडाने सवलत देईल? त्याला नवा मेल लिहावा, विषयही नवा, आणि त्यात फक्त त्याच्या ओळीतले आकडे असावेत: ३,२०० चौरस फूट, करासह २,९४,५२८, राडारोडा आणि गोलाई धरून, २२ मेपर्यंत, शेवटचे २० टक्के पाण्याच्या चाचणीनंतर. ‘ब’ आणि ‘क’ यांना दोन वेगळे मेल, आभाराचे, आकड्यांशिवाय.